सुतकातला झेंडू

माझ्या पत्नीच्या टोमॅटोच्या रानाविषयी आमच्या गावात आज तीन कथा सांगितल्या जातात आणि तिन्ही चुकीच्या आहेत. पहिली माझ्या धाकट्या भावाची. तो म्हणतो की झेंडू आणि तुळशीच्या वासानेच तिचं रान किडीपासून राखलं जात होतं, आणि ती गेली तशी त्या वासातली शक्तीही गेली. दुसरी माझ्या थोरल्या बहिणीची. बांधावरच्या तुळशींनी तिच्या मागोमाग दुःखाने माना टाकल्या आणि मग रान उघडं पडलं, असं ती येईल त्याला सांगते. तिसरी औषधाच्या दुकानदाराची. त्याच्या मते झेंडू-बिंडू सगळी हौस असते, वेळेवर फवारणी झाली असती तर काहीच बिघडलं नसतं.

तिघेही माझ्याहून मोठ्या आवाजात बोलतात. मी ब्याऐंशीच्या घरात आहे, माझा आवाज आता ओसरीच्या पायरीपर्यंतच पोहोचतो. परंतु ते रान ज्या दिवसांत गेलं त्या दिवसांत मी तिथे होतो, आणि ज्या दिवसांत ते उभं राहिलं त्या दिवसांतही होतो. माझ्या सुनेला त्याच जमिनीत पुन्हा टोमॅटो लावायचा होता. तिने या तिघांपैकी कुणाच्याही कथेवर विश्वास ठेवून लावला असता तर ते रान दुसऱ्यांदा गेलं असतं, आणि जिच्या हातांनी ते इतकी वर्षं टिकलं तिचं नाव कायमचं एका फुलझाडाच्या नावाखाली गाडलं गेलं असतं. म्हणून हे लिहितो आहे.

आमची जमीन पुणतांब्याच्या अलीकडे, गोदावरीपासून फार लांब नाही अशी, काळी आणि पाणी धरून ठेवणारी. पत्नी पाथर्डीकडची. तिच्या माहेरी पाणी विहिरीच्या तळाशी असायचं, त्यामुळे लग्न होऊन आल्यावर पाटाचं पाणी पाहून ती दिवसभर पाटाच्या कडेलाच बसून राहिली होती, असं माझी आई सांगत असे. भाजीपाला हा तिचा विषय. ऊस माझा. उसात ती कधी आली नाही आणि तिच्या भाजीच्या तुकड्यात मी विचारल्याशिवाय पाय ठेवला नाही.

तिथे झेंडू मी आणला. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण भाऊ तेही मानत नाही. विद्यापीठाच्या शेतीशाळेत मी काही दिवस गेलो होतो आणि तिथे सापळा पीक म्हणजे काय ते नीट समजावून घेतलं होतं. टोमॅटोच्या सोळा सऱ्यांमागे एक सरी उंच वाढणाऱ्या झेंडूची. झेंडूचं बी टोमॅटोच्या बियाण्याच्या पंधरवडाभर आधी वाफ्यात पडलं पाहिजे, म्हणजे टोमॅटो फुलायला लागेल तेव्हा झेंडूही भर फुलात असेल. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग तिन्हीसांजेनंतर उडतो. त्याला समोर टोमॅटोची बारकी फुलं आणि झेंडूची भरगच्च फुलं अशी निवड मिळाली तर तो बहुतांशी झेंडूवर अंडी घालतो. सगळी नाही, बहुतांशी. वास घेऊन तो पळून जात नाही. उलट तो त्याच झाडाकडे येतो. झेंडू राखणदार नाही, झेंडू आमिष आहे, हे मी भावाला किती वेळा सांगितलं असेल त्याची गणती नाही.

"आमिष म्हंजी?" असं पत्नीने पहिल्यांदा विचारलं होतं.

"म्हणजे पाहुण्याला आपल्या घरी न उतरवता शेजारच्या घरी उतरवायचं."

"आन् शेजारच्या घरी पाहुणा राहून लेकरंबाळं करनार. मंग ती लेकरं कुठं जायची? आपल्याच घरी की."

तिचा हा प्रश्न बरोबर होता आणि शेतीशाळेत त्याचं उत्तरही दिलं होतं: सापळ्यावर जे जमा होतं ते नष्ट करायचं असतं. मी तिला ते सांगितलं. ती हसून म्हणाली, "तेच म्हनते मी. आवं, सापळा लावून सापळा बघायचाच न्हाई तर उंदीर काय दोरीनं आपसूक फाशी घेतोय व्हय?"

त्या दिवसापासून ते काम तिचं झालं. एक दिवसाआड सकाळी, दव असतानाच, ती वेताची पाटी आणि साबणाच्या पाण्याचा जुना तेलाचा डबा घेऊन झेंडूच्या सरीत शिरायची. उमललेली फुलं तोडायची, देवळाला आणि राहात्याच्या बाजाराला जायची ती पाटीत. तोडलेलं प्रत्येक फूल ती अंगठ्याने देठाकडून थोडं उकलून बघायची. पाकळ्यांच्या बुडाशी काळसर ओली घाण दिसली की आत अळी आहे हे निश्चित. ते फूल डब्यात. कळ्या उलट्या करून बघायची, त्यांवर खसखशीच्या दाण्याएवढी पांढुरकी अंडी असली तर ती कळी खुडायची. परंतु सरी तिने कधी बोडकी केली नाही. निम्म्या कळ्या, उद्या उमलतील अशा, ती राहू द्यायची. "सांजच्याला पाव्हणं यायचं हायेत, त्यांना बसाया जागा नको?" असं म्हणायची. त्यानंतर टोमॅटोच्या सऱ्यांतून एक फेरी. तिथे एखादं छिद्र पडलेलं फळ दिसलं तर तेही डब्यात. सापळा लावला तरी टोमॅटोवर काहीच येत नाही असं कधीच नव्हतं. कमी येतं. त्या कमीचं जास्त होऊ न देणं हे तिच्या बोटांवर होतं.

तुळस मात्र तिची. बांधाच्या एका अंगाला तिने ती लावली, मांडवावर दोडका आणि काकडी चढवली होती त्याच्या शेजारी. भावाचं म्हणणं असं की तुळशीच्या वासाने माशी येत नाही. त्याने तिचं पाहून आपल्या मिरचीच्या चारी बाजूंना तुळशीचं कडं केलं, आणि पांढरी माशी त्या कड्यावरून हसत हसत आत गेली. झाडं चार, वारा सगळीकडे. त्या वासाने काय अडणार? परंतु पत्नीच्या तुळशीने काहीच केलं नाही असंही नाही. अंगणातल्या वृंदावनातल्या तुळशीच्या मंजिऱ्या ती खुडायची, रानातल्या मात्र राहू द्यायची, आणि त्या मंजिऱ्यांवर दिवसभर मधमाश्या लोंबकळत असायच्या. त्याच माश्या काकडी-दोडक्याच्या फुलांवरही जायच्या. माशीने फुलाफुलांत पराग नेल्याशिवाय काकडी सरळ भरत नाही, टोकाला बारीक राहते. तुळशीचा उपयोग हा होता. टोमॅटोला तर मधमाशीची तशी गरजही नसते. त्याचं फूल आपल्या आपण, वाऱ्याने हललं तरी फळ धरतं.

आणखी एक गैरसमज इथेच मिटवून टाकतो. टोमॅटोच्या मुळांवर गाठी येतात, सूत्रकृमीच्या. झेंडूने त्या जातात हे खरं आहे. पण बांधावर हौसेने लावलेल्या चार झेंडूंनी नाही. झेंडूच्या मुळांचा परिणाम त्या मुळांपुरता असतो. मी एकदा सगळा तुकडाच हंगामभर दाट झेंडूने भरून टाकला, टोमॅटो लावलाच नाही, आणि नंतर तो झेंडू जागीच नांगरून टाकला. पुढच्या टोमॅटोची मुळं स्वच्छ निघाली. त्याच्या पुढच्या वर्षी गाठी पुन्हा दिसायला लागल्या. फायदा आहे, पण त्याला एक हंगाम द्यावा लागतो आणि तो कायमचा नसतो. भावाने त्याच वेळी विहिरीच्या कडेला झेंडू लावला आणि दोन वर्षं मला विचारत राहिला, "दादा, माझ्याच मुळ्यांना गाठी का?"

"कारण तुझा झेंडू विहिरीला आहे," मी सांगितलं. तो रुसून महिनाभर चहाला आला नाही.

ती भाद्रपदात गेली. सकाळी डबा घासत होती, छातीत कळ आली म्हणाली, आणि कोपरगावच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं होतं. टोमॅटोला पहिली हिरवी फळं धरली होती. झेंडू नुकताच भरात येत होता. पाऊस उघडला होता आणि दसरा पुढे दिसत होता. घासायला काढलेला डबा मोरीच्या कट्ट्यावर तसाच उपडा पडून राहिला.

सुतक लागलं. आमच्याकडे तेरावं होईपर्यंत घरात देवपूजा नाही, देवळात जाणं नाही, तुळशीला हात लावणं नाही, देवाला फूल देणं नाही. सुतकातल्या घरचं फूल बाहेरचंही कुणी घेत नाही. तिसऱ्या दिवशीची राख सावडून आल्यानंतर सून पाटी घेऊन रानाकडे निघालेली मी ओसरीवरून पाहिली. पुण्याला कंपनीत असलेल्या माझ्या मुलाची ही बायको. मुलगा शनिवार-रविवार येतो, रान ही बघते. सासूबरोबर चार वर्षं झेंडूच्या सरीत फिरली होती. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, अंगणात बसली होती.

"कुठं गं निघालीस?"

"झेंडू तोडून येते, आत्याबाई. आई एक दिवसाआड तोडायच्या."

"सुतकात फुलं तोडतीस? कुनाला घालनार? देवाला चालंना, बाजारात कोन घेईना. घरातलं मानूस जाऊन चार दिस न्हाई झालं आन् हिला बाजार सुचतोय!"

"बाजाराचं नाही, त्यात अळ्या—"

"अळ्या कुठं पळून चालल्यात व्हय? ठेव ती पाटी."

सुनेने पाटी ठेवली. तिला दुसरं काय करता आलं असतं ते मला कुणी सांगावं. अंगण माणसांनी भरलेलं, सासूच्या राखेची ऊब अजून हातावर, आणि समोर स्वतःची नव्हे, सासूची वडीलधारी नणंद. आणि माझ्याविषयी भाऊ आज म्हणतो की, "दादा तिथंच हुते, का न्हाई बोलले?" मी भिंतीला टेकून बसलो होतो आणि मला दिसत होतं एवढंच खरं आहे. ज्या माणसाचं पन्नासहून अधिक वर्षांचं सोबतीचं माणूस गेलं आहे, त्याने तिसऱ्या दिवशी अळ्यांचा हिशेब मांडायला हवा होता असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही. तो वाद त्याच्या स्वतःच्या घरी कधीतरी होईल.

त्यानंतरचे दिवस लोक येत राहिले. रान घराला लागूनच आहे, आणि येणारा प्रत्येकजण जाताना त्या बाजूला वळून बघे, कारण झेंडूच्या सरी इतक्या फुलल्या होत्या की डोळे दिपावेत. एवढा बहर त्या रानात कधीच कुणी पाहिला नव्हता. पाहणार कसा? ती असताना उमललेलं फूल तिसऱ्या दिवशी झाडावर राहतच नव्हतं.

"काकूंच्या माघारी रान कसं फुललंय बघा," लोक म्हणत. "त्यांचा जीवच हाय त्यात."

एका बाईने मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि तो सगळ्या गावात फिरला. त्या फोटोखाली लोकांनी हात जोडले होते. मी तो पाहिला. माझी नजर आता अंधूक आहे, फोटोत काय, चार पावलांवरचं फूलही मला नीट दिसत नाही. परंतु त्या पिवळ्या धमक सरीकडे पाहताना मी हात जोडले नाहीत. आत काय चाललं असेल ते मला ठाऊक होतं. अंडं तीन-चार दिवसांत फुटतं. बारीक अळी फुलातच खाते आणि वाढते. ती बोटाच्या पेरापेक्षा मोठी व्हायला लागली की तिला फूल पुरत नाही, आणि शेजारच्या सरीत हिरवीगार फळं लटकत असतात.

तेरावं झालं. गोडाचं जेवण झालं, सुतक फिटलं, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सून पाटी आणि डबा घेऊन गेली आणि मी काठी टेकत तिच्या मागे गेलो. पहिल्या सरीत तिने हात घातला आणि तसाच मागे घेतला. फूल आतून पोकळ होतं. दुसरं, तिसरं, तसंच. वरून टवटवीत, बुडाशी काळा चिखल. काहींत हिरवट-तपकिरी अळी अंगाचं वेटोळं करून बसलेली, बरीचशी रिकामी. रिकामी फुलं पाहून मला अधिक वाईट वाटलं.

टोमॅटोकडे वळलो. इथे माझ्या भावाने, बहिणीने आणि दुकानदाराने नीट लक्ष द्यावं. छिद्रं पडलेली फळं सगळ्या रानात सारखी पसरलेली नव्हती. झेंडूच्या सरीला लागून असलेल्या सऱ्यांत ती सर्वांत जास्त होती. अळ्या देठाशी गोल भोक पाडून अर्धं अंग आत आणि अर्धं बाहेर ठेवून खात होत्या. दोन सऱ्या पलीकडे नुकसान कमी, मधोमध आणखी कमी. वास गेला म्हणून किडीने आक्रमण केलं असतं तर ते बाहेरच्या बांधाकडून दिसलं असतं. ते झेंडूपासून सुरू झालं होतं. सुनेने ओळीत वाकून पाहिलं, उठली, पुन्हा वाकली.

"आबा, हे झेंडूतूनच आलंय सगळं."

"होय."

"मग झेंडू लावायलाच नको होता."

"सापळा लावायला हवा होता," मी म्हणालो, "आणि बघायला हवा होता."

ती सरीतच खाली बसली आणि रडली. सासू गेली त्या दिवशीही ती इतकी रडली नव्हती. त्या दिवशी तिला सर्वांना चहा करायचा होता. मला तिच्या डोक्यावर हात ठेवता आला असता. मी काठीने एक सडकं फळ तिच्या पाटीकडे सरकवलं आणि म्हणालो, "वेच." असं मी बोललो ते खरं आहे, आणि ती उठली तेही खरं आहे.

सगळी पोखरलेली फळं वेचून खड्ड्यात पुरायला आठवडा गेला. झेंडू ओरबाडून काढला, कळीसकट. दुकानदाराने औषध दिलं ते मारलं. फळाच्या आत बसलेल्या अळीला त्याचं काही झालं नाही, आणि ते होणारही नव्हतं. मधल्या सऱ्यांतून काही कॅरेट निघाले. झेंडूलगतच्या सऱ्या उपटल्या. दसऱ्याला गावात सगळीकडे झेंडूची तोरणं लागली होती. आमच्या दाराला आंब्याची पानंच होती.

तुळशींनी माना टाकल्या होत्या हे मी नाकारत नाही. ठिबकची नळी त्या बांधापर्यंत पोहोचत नाही. पत्नी हंडा नेऊन त्यांना पाणी घालायची, आणि सुतकात तुळशीला पाणी घालायचं नाही म्हणून कुणी घातलं नाही, आणि ऊन तर भादव्याचं. सुनेने पाणी सुरू केल्यावर थोड्याच आठवड्यांत खोडांना नवे फुटवे आले. दुःख असं हंडाभर पाण्याने जात असतं तर मला कुणीतरी ते आणून द्यावं.

हे सगळं मी भावाला आणि अक्काला दिवाळीत समोर बसवून सांगितलं. ओरबाडून काढलेल्या झेंडूतलं एक पोखरलेलं फूल मी जपून ठेवलं होतं, ते तळहातावर फोडून दाखवलं.

"बघ. ही पोकळी काय तुळशीने हाय खाल्ली म्हणून पडली?"

भावाने मान हलवली. "दादा, तुमी शिकलेलं. तुमचं खरं आसंल. पर वहिनी हुती तवर रानाला राखन हुती का न्हाई?"

"होती."

"मंग मी काय येगळं म्हनतो?"

"तू म्हणतोस झेंडूने राखलं. मी म्हणतो तिने राखलं."

"एकच की ते."

"एक नाही!" मी एवढ्या जोरात बोललो की अक्काच्या हातातला चहा सांडला. "झेंडू तेव्हाही होता. ती नव्हती. एक असतं तर रान गेलं नसतं."

अक्काने पदराने साडीवरचा चहा टिपला आणि म्हणाली, "दोष मलाच लागला म्हना की. मीच आडवलं तिला." मी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. ती त्या दिवसापासून तुळशीची गोष्ट आणखी जोराने सांगते, आणि का ते मला कळतं.

पुढच्या पावसाळ्यात सुनेने टोमॅटोचं रोप टाकलं. आधी झेंडूचं. गावातल्या दोघी-तिघी रोपं मागायला आल्या, "काकूंचा झेंडू द्या ना, रान राखतो म्हणतात." सून त्यांना रोपं देताना गप्प होती. त्या गेल्यावर मी तिला म्हणालो, "अर्धीच गोष्ट देतेस तू. रोपाबरोबर डबाही सांग."

"सांगेन," ती म्हणाली, आणि मग, माझ्याकडे न बघता, "आबा, या वर्षी वर्षश्राद्ध येतंय ते फुलांच्या भरातच. मी एक सरी तशीच ठेवणार आहे. बांधाकडची. तोडायची नाही. आईंची म्हणून."

गावात फिरलेला तो फोटो तिच्याही मोबाईलवर होता, हे मला ठाऊक होतं.

"नाही," मी म्हणालो.

"एकच सरी, आबा."

"एक सरी म्हणजे सगळं रान. गेल्या वर्षी पाहिलंस तू."

"तुम्हाला त्यांची काही आठवणच ठेवायची नाही!" तिचा आवाज चढला. सासऱ्यासमोर तो कधी चढत नाही. "गावाला त्यांची आठवण आहे. हात जोडतात लोक. तुम्ही मात्र सगळ्यांशी भांडत बसता, वासाने नाही, तुळशीने नाही, झेंडूने नाही. मग राहिलं काय त्यांचं?"

मला उत्तर होतं. मी ते दिलं नाही, कारण ती आत निघून गेली आणि बंद दाराशी वाद घालायची सवय मला तेव्हाही नव्हती.

ती सरी तिने ठेवली की तोडली हे मी पुढे कित्येक दिवस विचारलं नाही. माझ्या नजरेला ओसरीवरून फक्त पिवळा पट्टा दिसतो, तोडलेला आणि न तोडलेला त्यातला फरक दिसत नाही. सकाळी पाटी हलते, डब्याची कडी वाजते, एवढं कानाला येई. कुठल्या सरीतून, ते कळत नसे.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पहाटेच अक्का आली, भाऊ आला. फोटो पाटावर मांडला होता. उजाडलं तेव्हा सून रानातून आली, पदर दवाने भिजलेला, पाटी भरलेली. अक्का काहीतरी म्हणणार होती. आज सुतक नव्हतं, तरी सवयीने तिचे ओठ हलले. सून तिच्याजवळच खाली बसली आणि पाटीतलं एकेक फूल घेऊन, देठाकडून अंगठ्याने उकलून बघू लागली. चांगलं फूल दोऱ्यात, पोखरलेलं डब्यात. तो डबा तिने देवघराच्या उंबऱ्याशी ठेवला होता. अक्काला ते आवडलं नाही हे तिच्या श्वासावरून कळत होतं.

"ही फुलं बांधाकडच्या सरीची आहेत, आबा," सून मान वर न करता म्हणाली. "कालपर्यंत तशीच ठेवणार होते. आज सकाळी गेले, एक उकललं, आत अळी होती. मग सगळी तोडली."

मी दोऱ्याचं रीळ तिच्याकडे सरकवलं.

माळ फोटोला घातली. भटजींनी संकल्प सुरू केला. त्यांचे मंत्र चालू असताना, माळेतल्या अगदी वरच्या फुलातून, सुनेच्या अंगठ्यातून सुटलेली एक बारीक हिरवी अळी बाहेर आली आणि काचेवरून खाली, पत्नीच्या कपाळाच्या बाजूने, हळूहळू उतरू लागली. भावाने ती मला दाखवली म्हणून मला कळलं. अक्का "अगं अगं" करत पुढे झाली आणि थांबली. सुनेने हात पुढे केला, दोन बोटांनी अळी उचलली आणि डब्यात टाकली. काचेवर जी ओली रेघ राहिली ती पदराच्या टोकाने पुसली. मग तेच फूल माळेतून ओढून पुन्हा उकललं, आत पाहिलं, आणि परत जागेवर अडकवलं.

ते अडकवताना तिचं मनगट वळलं, आणि पाटाशेजारी बसलेल्या मला इतक्या जवळून तेवढं दिसलं. असं वळणारं मनगट मी साऱ्या आयुष्यात एकाच बाईचं पाहिलं होतं.

भटजींनी पाणी सोडायला सांगितलं. मी सोडलेलं पाणी ताम्हनाबाहेर पडलं. भाऊ कानाशी म्हणाला, "दादा, सावकाश." त्याच्याशी वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणून घातला नाही.